कात टाकली की कात घातला? : बालवर्गातील श्लेषविचार

श्लेष हा अलंकार आपल्या शाळांतून शिकविला जातो तो बहुधा वरच्या इयत्तांत, आणि तोही व्याख्येच्या वाटेने. आधी लक्षण, मग एखाद्या पंडित कवीची ओळ, मग शब्दाचे दोन अर्थ आणि शेवटी सभंग की अभंग हा प्रश्न, असा त्याचा क्रम ठरून गेलेला आहे. विद्यार्थी परीक्षेत उत्तर बरोबर लिहितो. परंतु एकच ध्वनी दोन अर्थांनी एकदम वाजला असता जो चमत्कार व्हावयाचा, तो त्याच्या कानाला कधी होत नाही. वस्तुतः हा चमत्कार त्याने शाळेत येण्यापूर्वीच घराच्या ओटीवर, कोडी घालता घालता अनुभवलेला असतो. कोड्यांपासून श्लेषापर्यंतची ही घरची वाट बालवर्गात कशी चालावी आणि ती कोठे चुकते, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे.

त्यासाठी आम्ही निवडलेले स्थळ म्हणजे बेळगावचा कॅम्प. ब्रिटिश अमदानीत वसलेल्या या छावणीच्या वस्तीत आणि तिच्या आसपास मराठी, कन्नड, कोंकणी व दखनी उर्दू या भाषा एकाच गल्लीत नांदतात. मराठीत ज्याला कोडे किंवा उखाणा म्हणतात, त्याला कोंकणी घरात हुमाण म्हणतात आणि कन्नड घरात ओगटु. अशा ठिकाणच्या एका मराठी शाळेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गात बसण्याचा योग आम्हांस आला. तेथे जे दिसले त्यावरून आमची काही मते पक्की झाली, तर काही सोडून द्यावी लागली.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बहुतेक लोकप्रचलित कोडी श्लेषाची नसतात; ती रूपकाची असतात. नारळाला दार नसलेले घर म्हणावे, कणसाला दाढीमिशांचा गृहस्थ म्हणावे, दिव्याला एकच डोळा द्यावा, ही रूपकाची रीत होय. येथे मुलाने वस्तू ओळखावयाची असते, शब्द नव्हे. उत्तर मराठीत दिले काय आणि कन्नडात दिले काय, कोड्याचे काही बिघडत नाही. आणि हीच त्याची परीक्षा. भाषा बदलूनही जे कोडे उभे राहते ते रूपकाचे, आणि भाषा बदलताच जे कोसळते ते श्लेषाचे. पाठ्यपुस्तकांत व शिक्षकांच्या टिपणांत हे दोन्ही प्रकार ‘कोडी’ या एकाच मथळ्याखाली येतात. त्यामुळे वर्षभर कोडी घालूनही शिक्षकाने मुलांना शब्दाशी खेळावयास एकदाही लावलेले नसते.

संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रकाराला फारसा मान दिला नाही. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले खरे, पण त्यांचा उपयोग म्हणून त्याने सांगितला तो गोष्टीतील करमणूक, चारचौघांतील गुप्त बोलणे आणि दुसऱ्याला चकविणे एवढाच. विश्वनाथाने तर प्रहेलिका रसाला आड येते म्हणून तिला अलंकारांच्या पंक्तीत बसू दिले नाही. प्रौढ काव्यापुरता हा निवाडा योग्य असेल. परंतु आठ वर्षांच्या मुलाला रसाची घाई नसते. त्याला हवे असते ते चकणे आणि चकविणे. आणि दंडीने सांगितलेले उपयोग नेमके तेच आहेत.

आता आम्ही वर्गात घातलेले पहिले कोडे सांगतो. कोडे आमचेच आहे, आणि मुद्दाम साधे ठेवलेले आहे.

साप टाकतो रानात,
आजी घालते पानात.

उत्तर : कात. सापाची ती कात आणि विड्यातला तो कात. मुलांपैकी काहींनी ‘विष’ म्हटले, काहींनी ‘तंबाखू’ म्हटले. ही उत्तरे चुकीची असली तरी अत्यंत बोधप्रद आहेत, कारण पहिल्या गटाने फक्त पहिली ओळ सोडविली होती आणि दुसऱ्याने फक्त दुसरी. दोन्ही ओळींना एकदम लागू पडेल असा शब्द शोधावयाचा, ही अटच त्यांच्या ध्यानात आली नव्हती. रूपकाच्या कोड्यात सगळ्या ओळी एकाच वस्तूची वर्णने असतात. येथे ओळी दोन वस्तूंच्या आणि शब्द मात्र एक. ही अट शिक्षकाने कोड्याआधी सांगितली पाहिजे, आणि ती पारिभाषिक शब्दांत नव्हे, तर ‘वस्तू दोन आहेत, नाव एकच आहे’ अशा साध्या वाक्यात.

या कोड्यातील क्रियापदांकडे शिक्षकांनी जरा लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. ‘टाकतो’ व ‘घालते’ ही रूपे साप आणि आजी या कर्त्यांप्रमाणे चालतात. त्यामुळे ‘कात’ स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, याचा सुगावा लागत नाही. हेच कोडे भूतकाळात घालून पाहावे : ‘सापाने टाकली, आजीने घातला’. ताबडतोब कर्मणी प्रयोग होतो, क्रियापद कर्माप्रमाणे चालू लागते, आणि वस्तू दोन असल्याची चुगली व्याकरणच करते. मराठीत श्लेषाचे कोडे रचणाऱ्याने म्हणून वर्तमानकाळ धरावा, आणि श्लिष्ट शब्द कर्मस्थानी ठेवून कर्तरी प्रयोगात लपवावा. घरोघरच्या आज्या हा नियम न शिकता पाळतात. पुस्तकासाठी कोडी रचणारे मात्र तो पुष्कळदा मोडतात, आणि मग मूल उत्तर का लगेच सांगते किंवा का गोंधळते, हे त्यांना उमगत नाही.

जे कोड्यात लपवावयाचे तेच उत्तरानंतर उघड करावयाचे. उत्तर मिळाल्यावर आम्ही मुलांना दोन्ही वाक्ये भूतकाळात म्हणावयास सांगितली. ‘सापाने कात टाकली. आजीने पानात कात घातला.’ टाकली आणि घातला हे दोन शब्द पाठोपाठ ऐकताच तिसरीतील एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे कात दोन आहेत.’ श्लेषाची याहून चांगली व्याख्या आम्ही वरच्या वर्गांतही ऐकलेली नाही. माळ व हार या शब्दांचेही असेच आहे : गुरे चरतात तो माळ आणि गळ्यातली ती माळ; फुलांचा तो हार आणि खेळातली ती हार. सर हा शब्द तर वर्गात हशा पिकविल्यावाचून राहत नाही, कारण पावसाची ती सर, मोत्यांचा तो सर आणि खुर्चीवर बसलेले ते सर, असे तिघे त्यात राहतात.

मात्र या कसोटीची मर्यादा सांगितली पाहिजे. लिंग वेगळे असेल तर शब्द दोन आहेत असे बहुधा म्हणता येते. पण लिंग एक असेल तर शब्द एकच, असे म्हणता येत नाही. बसावयाचा पाट आणि शेतात पाणी नेणारा पाट हे दोन्ही पुल्लिंगी आहेत. उलट झाडाचे पान, वहीचे पान आणि जेवणाचे पान ही तिन्ही नपुंसकलिंगी असून त्यांचे अर्थ एकमेकांपासून फुटलेले दिसतात; तेथे शब्द एकच, पण तो पसरलेला. मुलांना हा फरक शिकविण्याची घाई करू नये. शिक्षकाला मात्र तो ठाऊक असावा, कारण ‘पान’ सोडविणाऱ्या मुलाने आपण समजतो तेवढी मोठी उडी मारलेली नसते.

कोड्याच्या पुढची पायरी म्हणजे दोन प्रश्नांचे एक उत्तर. हिंदी-उर्दू परंपरेत हा प्रकार ‘दो सुखने’ या नावाने प्रसिद्ध असून तो अमीर खुस्रोच्या नावावर सांगितला जातो. कॅम्पातील दखनी बोलणाऱ्या मुलांपैकी एक-दोघांना तो घरून माहीतही होता. त्याच धर्तीवर आम्ही विचारले : पाहुणे का उभे राहिले? ऊस का वाळला? उत्तर : पाट नव्हता. ऊस पिकविणाऱ्या या मुलुखातील मुलांना दुसरा पाट समजावून सांगावा लागला नाही, आणि हेच महत्त्वाचे. श्लेषाचे दोन्ही अर्थ मुलाला आधीच माहीत असले पाहिजेत. त्यातला एक जरी शिक्षकाला समजावून द्यावा लागला, तरी कोडे संपले आणि शब्दार्थाचा पाठ सुरू झाला असे समजावे. निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतातील मुलाचे शब्द आणि छावणीतल्या मुलाचे शब्द एक नसतात. म्हणून कोड्यांचा संग्रह छापून सगळीकडे वाटण्यापेक्षा शिक्षकाने आपल्या वर्गाच्या घरांतून शब्द वेचावे हे बरे.

हाच प्रकार आम्ही ‘कात’ घेऊन करू गेलो तेव्हा फसलो. ‘विडा का रंगला नाही? जुनी कातडी सापाच्या अंगावर का राहिली?’ असे विचारल्यावर उत्तर काय द्यावयाचे? ‘कात नव्हता’ म्हणावे तर साप रुसतो, आणि ‘कात टाकली नाही’ म्हणावे तर आजी. ‘पालक’ या शब्दाचीही तीच गत झाली. शाळेतल्या सभेला ‘पालक आले नाहीत’ आणि बाजारात ‘पालक आला नाही’. येथे लिंग एक असूनही आदरार्थी बहुवचन आडवे आले. उर्दूतील नमुना मराठीत जसाच्या तसा का उतरत नाही, हे या दोन फसगतींनी आम्हांला शिकविले. दोन प्रश्न-एक उत्तर या खेळासाठी एकाच लिंगाचे आणि एकाच वचनात चालणारे शब्द निवडावे लागतात. पाट असा आहे. दुखणारी कळ आणि यंत्राची कळ हीही अशीच आहे.

येथवर अभंग श्लेष झाला. सभंग श्लेषासाठी, म्हणजे शब्द फोडून दुसरा अर्थ काढण्यासाठी, कोड्यापेक्षा निरर्थ गीत अधिक सोयीचे पडते असा आमचा अनुभव आहे. परंतु निरर्थ गीत म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहे. नुसत्या आवाजांची गंमत ही तीन-चार वर्षांच्या मुलांची. ती बडबड होय. खरे निरर्थ काव्य याहून शिस्तीचे असते. एडवर्ड लियरचे पुस्तक 1846 साली निघाले, लुईस कॅरलची अ‍ॅलिस 1865 मध्ये आली, बंगालीत सुकुमार राय यांचे ‘आबोल ताबोल’ 1923 मध्ये आणि मराठीत विंदा करंदीकरांचे ‘एटू लोकांचा देश’ 1963 मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्वांत जग उलटेपालटे असते, पण वाक्य कधी मोडत नाही. कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी राहतात. म्हणूनच अर्थ जागेवर नाही, हे मुलाला कळते.

रशियन बालकवी कोर्नेई चुकोव्हस्की यांनी ‘दोन ते पाच’ या आपल्या ग्रंथात आपल्या मुलीचा प्रसंग नोंदविला आहे. दोन वर्षेही पुरी न झालेली ती मुलगी एकदा त्यांच्याकडे येऊन, कुत्रा म्याव करतो, असे सांगून हसू लागली. वडिलांनी आधी ती चूक समजून दुरुस्त केली. मग खेळ ध्यानात येऊन तेही कोंबड्याला म्याव करावयास लावू लागले. तिला कुत्र्याचा खरा आवाज पक्का ठाऊक झाला होता, म्हणूनच तो उलटविण्यात तिला आनंद होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आमच्या विषयाला तो तंतोतंत लागू पडतो. शब्द मुलाच्या तोंडी स्थिर झाल्यावरच तो फोडावा. अर्धवट येणारा शब्द फोडू नये.

वर्गात आम्ही पुढील गीत म्हटले. तेही आमचेच, आणि त्याच्या काव्यगुणांविषयी आमचा काही दावा नाही.

गोम गेली दुकानात,
“द्या हो मला पायमोजा.”
शेट म्हणे, “बसा बाई,
आधी जरा पाय मोजा.”
एक दोन तीन चार,
मोजता ती गेली झोपी;
शेट म्हणे, जागी होता,
“डोके एक, घ्या ना टोपी!”

गीत तोंडी म्हटले तेव्हा दुसऱ्यांदा आलेल्या ‘पाय मोजा’पाशी काही मुले थबकली, एक-दोघे हसली, आणि मग ते हसू वर्गभर पसरले. शेजारच्या तुकडीत मात्र तेच गीत शिक्षकांनी आधी फळ्यावर लिहिले. तेथे कोणी हसले नाही. कारण उघड आहे : लिहिताना एकदा शब्द जोडला होता आणि एकदा तोडला होता, त्यामुळे डोळ्यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या आणि कानाला चकण्याची संधीच मिळाली नाही. सभंग श्लेष आधी कानाने, मग फळ्यावर, हा क्रम म्हणून सोडता येत नाही. कानाला कळल्यानंतर मात्र फळ्याचा मोठा उपयोग होतो. दोन शब्दांमधली रिकामी जागा हीही अर्थ सांगते, ही शुद्धलेखनातील अवघड गोष्ट मुलांना त्या दिवशी एका गोमेने शिकविली.

परंतु हसू हा पुरावा नव्हे. थॉमस शुल्ट्झ यांनी 1974 साली मुलांच्या कोड्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की सहा वर्षांच्या मुलांना खरे उत्तर असलेले कोडे आणि उत्तरातली संगती काढून टाकलेले कोडे सारखेच गमतीचे वाटते. आठ वर्षांपासून पुढच्या मुलांना मात्र संगती असलेलेच अधिक आवडते. पहिलीतले मूल हसते ते बहुधा विसंगतीला, श्लेषाला नव्हे. यात काही बिघडत नाही. फक्त शिक्षकाने त्याला श्लेष समजल्याची नोंद करू नये. खरी परीक्षा दोन गोष्टींत आहे. मूल दोन्ही अर्थांची दोन चित्रे काढू शकते काय, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे एखादे कोडे घेऊन येते काय, हे पाहावे. आणलेले कोडे बहुधा फसलेले असते. पण त्यात वस्तू दोन आणि नाव एक ठेवण्याची धडपड दिसली तर काम झाले.

येथे आम्ही आमच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. वर सांगितलेली भूतकाळाची कसोटी आम्हांला प्रथम इतकी आवडली होती की ती प्रत्येक मुलाला लावावी असे आम्ही सुचविणार होतो. वर्गातील एका मुलाने हा विचार मोडून काढला. त्याच्या घरी कन्नड बोलतात. त्याने ‘कात’ सर्वांआधी ओळखला, परंतु वाक्य केले ते ‘सापाने कात टाकला’ असे. वर्गशिक्षकांनी त्याचे उत्तर चूक ठरविले व तो खाली बसला. वस्तुतः कन्नडात निर्जीव वस्तू आणि प्राणी बहुधा नपुंसकलिंगीच असतात. कात, माळ, हार यांना पुरुष किंवा स्त्री मानण्याचे त्या भाषेत कारणच नाही. त्या मुलाला श्लेष कळला होता, लिंग चुकले होते. आम्ही त्याला पाटी दिली तेव्हा त्याने एका बाजूला साप आणि दुसऱ्या बाजूला पानाचा डबा काढला. चित्र बरोबर होते. दोन वेगळ्या गोष्टी एका गुणात मोजल्यामुळे वर्गातील सर्वांत तल्लख कान नापास झाला असता.

आणि या मुलाचा कान तल्लख असावा यात नवल नाही. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की यांनी दाखविले होते की लहान मूल नाव आणि वस्तू यांना सहज वेगळे करीत नाही. कुत्र्याला गाय म्हणू या म्हटले तर त्याला शिंगे असलीच पाहिजेत असे त्याला वाटते. दक्षिण आफ्रिकेत अनीता यांको-वोरल यांनी 1972 साली आफ्रिकान्स व इंग्रजी अशा दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ही मुले, नाव हे वस्तूला चिकटलेले नसते ही गोष्ट एकभाषी मुलांपेक्षा लवकर मान्य करताना दिसली. कॅम्पातल्या मुलाला हे रोज गल्लीतच कळते. मराठीत ‘मर’ ही शिवी, कन्नडात ‘मर’ म्हणजे झाड. मराठीत ‘मने’ म्हणजे अंतःकरणे, कन्नडात ‘मने’ म्हणजे घर. मराठीत हाल होतात ते कोणालाच नको असतात, आणि कन्नडातले ‘हालु’ म्हणजे दूध ते सर्वांना हवे असते. यातील शेवटच्या जोडीवर मुलांनीच आमच्यासमोर कोडे रचले : एका घरी हवे, दुसऱ्या घरी नको. शब्दाच्या शेवटचा उकार जुळत नाही, ही खोड आम्ही काढताच त्यांनी तो उकार इतका हळू उच्चारला की आमचे काही चालेना.

हा शाळेत शिकविला जातो तसा श्लेष नव्हे, हे आम्ही जाणतो. तो श्लेष एका भाषेत राहतो. हा दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा आहे. परंतु ध्वनी एक असून अर्थ दोन असू शकतात, या ज्या एका जाणिवेवर सगळा श्लेष उभा आहे, ती जाणीव या मुलांपाशी घरून आलेली आहे. सीमाभागातील मराठी शिक्षकाला वर्गातील कन्नड शब्द हा मराठीवरचा डाग वाटतो. या भागाचा गेल्या अनेक दशकांचा इतिहास पाहता त्याची ती भावना आम्ही समजू शकतो. तरीही अलंकाराच्या पाठापुरता तो शब्द मराठीचा शत्रू नसून तिचा साक्षीदार आहे. तो मुलाला सांगतो की ध्वनी कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही.

आमची सूचना म्हणून एवढीच आहे. दुसरी-तिसरीत श्लेष हे नाव न घेता आधी रूपकाची कोडी आणि श्लेषाची कोडी वेगळी ठेवावी. श्लेषाची कोडी वर्तमानकाळात घालावी व उत्तरानंतर भूतकाळात उलगडावी. शब्द फोडणारी गीते आधी कानाने द्यावी. आणि समजले की नाही हे लिंगावरून न ठरविता चित्रावरून ठरवावे. लिंग सुधारावयाचे ते निराळ्या तासाला सुधारावे. त्या मुलाला आम्ही निघताना ‘सापाने कात टाकली’ असे तीनदा म्हणावयास लावले, हेही येथे कबूल करतो. त्याने ते म्हटले, आणि मग आम्हांलाच विचारले, ‘साप कात टाकतो, तर आजी तो उचलून पानात घालते काय?’ वर्ग हसला. हे त्याचे स्वतःचे पहिले निरर्थ वाक्य होते, आणि ते पूर्ण शिस्तीचे होते.